एकच पिशवी लावली, तरी धाप कशी?

वॉर्डात आजही ऐकू येतं: “एकाच पिशवीने काय होणार आहे?” मला तेव्हा बेचाळीस किलोच्या एक आजी आठवतात. हिमोग्लोबिन ५.८, अशक्तपणा कित्येक महिन्यांचा. ड्यूटी बदलायच्या आत संपावी म्हणून लाल पेशींची २५० मिलीची पिशवी दीड तासात उतरवली गेली. आजींना कोरडा खोकला सुरू झाला. मग त्या पलंगाची कड धरून उठून बसल्या, “आडवं करू नका गं” म्हणत राहिल्या. बीपी १३०/८० वरून १८०/१०० वर गेलं, ऑक्सिजन ८६ वर आला.

“अ‍ॅलर्जी असेल, अ‍ॅव्हिल द्या,” असं कुणीतरी म्हणालं. पण अंगावर पित्त नव्हतं, खाज नव्हती. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. हा टॅको होता, म्हणजे रक्ताभिसरणावर पडलेला जादा भार. जुन्या अ‍ॅनिमियात एकूण रक्त कमी नसतं, पेशी कमी असतात आणि हृदय आधीच दमलेलं असतं. त्यात घाईने भर घातली की पाणी फुप्फुसात उतरतं. हा त्रास पिशवी संपल्यावरही, १२ तासांपर्यंत, उद्भवू शकतो.

अशा रुग्णाला ताशी किलोमागे १ मिली हा वेग बरा. आजींसाठी तो ताशी ४२ मिली, म्हणजे २० थेंबांना १ मिली देणाऱ्या सेटवर मिनिटाला १४ थेंब. या वेगाने पिशवीला सहा तास लागतात आणि ती चार तासांपलीकडे लटकवायची नसते. म्हणून डॉक्टरांशी बोलून रक्तपेढीकडून पिशवी आधीच दोन भागांत मागवावी.

दुसरा समज असा की धाप लागली की लॅसिक्स द्यायचंच. आजींना त्याने तासाभरात उतार पडला. पण ट्रालीत गोष्ट वेगळी. तिथे भार नसतो. बहुधा रक्तदात्याच्या प्लाझ्मातल्या प्रतिपिंडांमुळे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात चवताळतात, केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तगट तंतोतंत जुळला असला तरी हे घडतं. अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या रक्तात ही प्रतिपिंडं जास्त सापडतात, म्हणून ब्रिटनने २००३ पासून प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना पसंती दिली. ट्राली सहा तासांच्या आत दिसतो. ताप येतो आणि बीपी बहुधा घसरतं. अशा वेळी लॅसिक्स दिलं तर बीपी आणखी खाली जातं.

एक्स-रे दोन्हींत पांढराच दिसतो. म्हणून बीपी, ताप, मानेच्या शिरा आणि किती द्रव गेलं याची नोंद डॉक्टरांच्या हाती द्या. काही रुग्णांत दोन्ही एकत्रही असतात.

धाप दिसताच पिशवी बंद करा, शीर चालू ठेवा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. बीपी चांगलं असेल तर रुग्णाला बसतं करा. पिशवी फेकू नका, सेटसकट रक्तपेढीत पाठवा. ट्रालीचा संशय असेल तर त्याच दात्याचा प्लाझ्मा दुसऱ्या कुणासाठी निघण्याआधी त्यांना तो अडवता येतो.