पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे हवे

खरिपाचे धान यायला लागले की गोंदियातल्या राईस मिलच्या ऑफिसात दिवसभर माणसांची ये-जा सुरू असते. ड्रायव्हरला मालकाला बिल्टीचा फोटो पाठवायचा असतो, दलालाला भाव पाहायचा असतो. पत्र्याच्या शेडखाली मोबाइलची रेंज धड नसते. मग कोणीतरी म्हणतेच, "भाऊ, वायफायचा पासवर्ड सांगा न." नाही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून तो सांगितला जातो.

एकदा सांगितलेला पासवर्ड परत घेता येत नाही. तो समोरच्याच्या फोनमध्ये साठतो. आताच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधून त्याचा क्यूआर कोड निघतो आणि शेजारी बसलेल्याला तो स्कॅन करता येतो. शिवाय या पासवर्डने माणूस फक्त इंटरनेटवर जात नाही, तो मिलच्या आतल्या जाळ्यात येतो. हिशोबाचा संगणक, प्रिंटर, वजनकाट्याचा संगणक आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर सगळे त्याच जाळ्यावर असतात. पाहुणा भला असेलही, पण त्याच्या फोनमधले एखादे वाईट अ‍ॅप आसपासची उपकरणे चाचपू शकते. डीव्हीआरचा पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवला तोच सोपा राहिला असेल, तर दार जवळपास उघडेच आहे.

यावर उपाय राउटरमध्येच असतो. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असा राउटरचा पत्ता टाकावा (जिओच्या डब्यात बहुधा 192.168.29.1). नेमका पत्ता डब्याखालच्या चिठ्ठीवर सापडतो. आत Guest Network सुरू करून त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. 'Allow guests to access my local network' अशी ओळ दिसली, तर तिथली खूण काढलेली असावी. पाहुण्याला मग इंटरनेट मिळते, पण मिलची यंत्रे राउटर त्याच्यापासून अडवून धरतो.

खरी गफलत इथून पुढे होते. इंटरनेट कंपनी फायबरसोबत जो डबा बसवून जाते, त्यात पुष्कळदा Guest Network नसतेच, फक्त दुसरे नाव देण्याची सोय असते, SSID2 वगैरे. मालकाला वाटते काम झाले. प्रत्यक्षात दोन्ही नावे एकाच जाळ्यात उघडतात. AP Isolation नावाची खूण केली तरी ती बहुधा वाय-फायवरच्या फोनांना एकमेकांपासून तोडते. तारेने जोडलेला डीव्हीआर त्यातून सुटू शकतो.

म्हणून चाचणी करावीच. समजा डीव्हीआरचा पत्ता 192.168.1.50 आहे. आधी ऑफिसच्या वाय-फायवरून तो ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. लॉगिनचे पान आले की पत्ता बरोबर. मग फोन पाहुण्यांच्या नावावर जोडावा, मोबाइल डेटा बंद करावा आणि तोच पत्ता पुन्हा टाकावा. पान येत नसेल आणि बाकी इंटरनेट चालत असेल, तर भिंत खरी आहे. पान आले, तर नुसते नावच वेगळे आहे.

तसे निघाले तर एक साधा राउटर विकत घ्यावा. कंपनीच्या डब्यातली तार त्याच्या WAN खाचेत लावावी आणि मिलची सगळी यंत्रे या नव्या राउटरवर आणावीत. पाहुणे जुन्या डब्यावर राहतील. बरेच जण नेमके उलटे करतात, नवा राउटर पाहुण्यांना देतात. तसे केले की पाहुण्यांचा रस्ता जुन्या जाळ्यातूनच जातो आणि मागची यंत्रे त्यांना दिसत राहतात. नवा राउटर Access Point पद्धतीवर ठेवला, तरी मधली भिंत राहत नाही.

या भिंतीलाही मर्यादा आहे. पाहुणा आणि मालक, दोघांची वाहतूक बाहेर एकाच कनेक्शनवरून जाते. जुलै 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेला आणि तपास आधी त्याच्या घरी पोहोचला. म्हणून पाहुण्यांचे वाय-फाय बिनपासवर्डाचे कधीच ठेवू नये. मिल बंद झाली की ते बंद करावे. काही राउटरमध्ये त्यासाठी वेळ लावून ठेवता येते.

पाहुण्यांचा पासवर्ड महिन्या-दोन महिन्यांनी बदलला तरी आतल्या एकाही यंत्राला हात लावावा लागत नाही. त्याचा क्यूआर कोड छापून काउंटरवर चिकटवला की तोंडी सांगायचीही गरज नाही. मात्र आजवर वाटलेला मुख्य पासवर्ड एकदा बदलावाच लागेल. प्रिंटर आणि वाय-फायवरचे कॅमेरे त्या दिवशी पुन्हा जोडावे लागतात, म्हणून हे काम धानाची गर्दी सुरू होण्याआधी काढावे.