सरकारने खर्च कापला, मग एलएम रेषा का सरकत नाही?

मित्रांनो, वही-पेन घ्या. आडव्या रेघेवर देशाचं उत्पन्न, उभ्या रेघेवर व्याजदर मांडा.

आता आयएस रेषा डावीकडून उजवीकडे उतरती काढा. व्याज स्वस्त झालं की लोक मशीन घेतात, गाळे बांधतात, म्हणून उत्पन्न वाढतं. एलएम रेषा चढती काढा. उत्पन्न वाढलं की व्यवहाराला जास्त पैसा लागतो, पण बाजारातला एकूण पैसा तेवढाच असतो, म्हणून व्याज चढतं. समजा दोघी 2000 उत्पन्न आणि 8 टक्के व्याजावर छेदतात. (आकडे हिशोबापुरते घेतलेत.)

सरकारने खर्च 100 ने कापला. रस्त्याचं काम थांबलं, पेव्हर ब्लॉकवाल्याची ऑर्डर गेली, त्याने कामगार कमी केले, कामगारांनी किराणा कमी घेतला. लोक मिळकतीच्या प्रत्येक रुपयातले 75 पैसे खर्च करत असतील, तर ही साखळी 100 चं नुकसान 400 पर्यंत नेते. म्हणून आयएस 400 ने डावीकडे सरकते.

इथेच बरेच जण एलएमसुद्धा सरकवून टाकतात. थांबा! बाजारातला पैसा कुणी बदलला? कुणीच नाही. एलएम जागेवरच राहते, आपण फक्त तिच्यावरून खाली घसरतो. व्यवहार कमी, पैशाची गरज कमी, म्हणून व्याज उतरतं. आमच्या उदाहरणात ते 6 टक्क्यांवर येतं. दर टक्क्यामागे गुंतवणूक 25 ने वाढते असं धरलंय, म्हणजे 2 टक्क्यांत 50 परत आले. उरलेल्या 50 ची घट चौपट होऊन 200. नवा छेदबिंदू 1800 वर. सरकारी ठेकेदार मार खातो, पण कर्ज काढून मशीन घेणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो.

हा दिलासा मात्र आपोआप मिळेलच असं नाही. आजच्या मध्यवर्ती बँका व्याजदर ठरवतात आणि त्याप्रमाणे पैसा सोडतात. बँकेने दर 8 वरच धरला, तर तिला पैसा आखडावा लागतो. तेव्हा एलएमसुद्धा डावीकडे जाते आणि उत्पन्न थेट 1600 वर येतं, म्हणजे पूर्ण 400 ची घट. उलट तिने दर 4 वर आणला, तर एलएम उजवीकडे जाते आणि उत्पन्न परत 2000.

ब्रिटनमध्ये 2010 साली सरकारने खर्चकपात जाहीर केली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च 2009 पासूनच 0.5 टक्के होता. आणखी उतरायला जागाच फारशी नव्हती. अशा वेळी एलएम जवळजवळ आडवी धरावी लागते, आणि आडव्या रेषेवर आयएस सरकली की व्याजाची उशी मिळत नाही.

त्यामुळे बजेटमध्ये कपात ऐकली, तर लगेच रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराची पुढची घोषणाही बघा. आणि तुमच्या विक्रीतला किती वाटा सरकारी बिलांवर आहे, तो वहीत बाजूला लिहून ठेवा.