नोटीस लागण्याआधी पोचावं असं पत्र

मुलगी सांगली जिल्ह्यातली, शेतीवाडी असलेल्या हिंदू घरातली, पुण्यात नोकरीला. मुलगा वसईचा, कॅथलिक. दोन्ही घरच्या आईवडिलांनी होकार दिला आहे. निदान विरोध तरी सोडला आहे. पुण्यात नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरलंय. आता उरले गावाकडचे थोरले काका-काकू, आत्या आणि मामा. अशी घरं आता बरीच सापडतील, म्हणून हेच उदाहरण धरून पुढे जाऊ.

अशा वेळी बहुतेक घरांत ‘तारीख नक्की झाली की सांगू’ असं ठरतं. तिथेच घोळ होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ या कायद्याखाली लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. ही नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. शिवाय ज्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही नोटिशीची प्रत जाते आणि तिथेही ती लागते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस सांगलीतही लागणार. कामानिमित्त कार्यालयात गेलेला कुणी ओळखीचा ती वाचणार आणि संध्याकाळपर्यंत काकांना विचारणार, “काय हो, पुतणीचं लग्न ठरलं म्हणे?” या प्रश्नानं काका जेवढे दुखावतील, तेवढे मुलाच्या धर्मानं कदाचित दुखावणार नाहीत.

म्हणून पत्र नोटिशीच्या आधी पोचायला हवं. समजा, नोटीस ३ ऑक्टोबरला द्यायची आहे. मग पत्र सप्टेंबरच्या मध्यालाच हातात पडलेलं बरं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्यामुळे लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत कधीही होऊ शकेल. तुळशीचं लग्न झाल्यावरचा एखादा दिवस काकांनाच सुचवायला सांगता येईल, आणि तसं सांगावंच.

पत्र कुणी लिहायचं? मुलीनं नव्हे, तिच्या वडिलांनी. थोरल्या भावाला धाकट्यानं लिहिलं की त्या पत्राला घरातलं वजन येतं; मुलीनं खाली दोन ओळी लिहून नमस्कार कळवावा. घरच्या ग्रुपवर एकच मजकूर सगळ्यांना धाडू नये. सुरुवात साधी असावी:

“तीर्थस्वरूप दादा व वहिनी यांस साष्टांग नमस्कार. ही गोष्ट तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून सगळ्यांत आधी तुम्हालाच लिहितो आहे. बेबीचं लग्न ठरवत आहोत. मुलगा वसईचा, ख्रिस्ती आहे. चार वेळा घरी येऊन गेला, त्याच्या आईवडिलांना आम्ही भेटून आलो. घरात मराठीच बोलतात, त्यांची प्रार्थनाही मराठीत असते.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. सांगलीकडच्या काकूंच्या डोळ्यांपुढे ‘ख्रिस्ती’ म्हटलं की सिनेमातली मंडळी येतात. वसईच्या धर्मगुरूंपैकी फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ही आठवण करून दिली तर काका मान डोलावतील. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन लग्नांत हळद लागते, उंबराचं पाणी आणतात, हे काकूंना सांगावं.

‘आजच्या काळात जातधर्म कोण बघतं?’ हे वाक्य मात्र पत्रात चुकूनही नको. काकू बघतात. त्यांनी आयुष्यभर जे पाळलं ते फालतू होतं, असा त्याचा अर्थ त्या घेतील आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. प्रेमाची महती सांगूनही उपयोग नाही, कारण त्यांच्या मनातले प्रश्न वेगळे असतात आणि ते तोंडावर विचारले जात नाहीत. मुलगी बाटणार का? जमिनीचं काय? मुलं कोणाच्या धर्मात जाणार? पत्रानं न विचारलेल्या या तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या कायद्याखाली लग्नासाठी कुणालाच धर्म बदलावा लागत नाही, नावही बदलावं लागत नाही.

जमिनीचं उत्तर मोजून लिहावं. हिंदू एकत्र कुटुंबातल्या व्यक्तीनं या कायद्याखाली दुसऱ्या धर्मात लग्न केलं की कायद्याच्या दृष्टीनं ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं मानलं जातं. वेगळी झाली म्हणजे हिस्सा बुडाला असं नाही. वारसाहक्क शाबूत राहतो. पुढे तिनं आणि नवऱ्यानं जे कमावलं, त्याची वाटणी मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे होते. वडिलांनी एवढंच लिहावं: “जमिनीत तिचा जो हक्क आहे तो आहे तसाच राहतो. वकिलांना विचारून घेतलं आहे, तुम्ही या म्हणजे कागद दाखवतो.” घरात आधीच वाटणीचा वाद असेल तर पत्रात याहून जास्त काही लिहू नये, ते समोरासमोर बोलावं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि इथे गोड बोलून वेळ मारून नेली की पुढे महागात पडतं. मुलाला चर्चच्या दृष्टीनंही हे लग्न ग्राह्य हवं असेल तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं, तर चर्चमधला विधी न करण्याची सूटही मागावी लागते. परवानगीसाठी कॅथलिक बाजूनं वचन द्यायचं असतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपण होईल तेवढं करू. मुलीला हे वचन द्यावं लागत नाही; त्याची कल्पना मात्र तिला दिली जाते. हे काकांना दोन वर्षांनी बारशाच्या वेळी कळण्यापेक्षा आत्ता कळू द्यावं. दोघांचं काय ठरलंय ते लिहावं, आणि ठरलं नसेल तर तसंही लिहावं: “यावर दोघांचं बोलणं चालू आहे. बारसं आपल्या पद्धतीनं होईल एवढं नक्की.” हे वाक्य मुलाच्या घरच्यांना आधी दाखवूनच पाठवायचं, कारण वसईलाही एक आजी आहे आणि तिच्यासाठी वेगळं पत्र लागणार आहे. नातू पुढे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेऊ शकेल की नाही, ही तिची काळजी सांगलीच्या पत्रात बसत नाही.

मग काका म्हणतील, “ते सगळं ठीक, पण लग्न आपल्या भटजींकडून लागू दे.” इथे गफलत होऊ देऊ नये. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही त्या कायद्याच्या अर्थानं हिंदू असावे लागतात. ख्रिस्ती मुलाशी नुसती सप्तपदी घालून लागलेलं लग्न त्या कायद्याखाली वैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. चर्चचीही अट असते की त्याच लग्नाची संमती दुसऱ्या धर्माच्या विधीनं पुन्हा घेऊ नये. म्हणून पत्रात होणाऱ्या गोष्टींचीच यादी द्यावी: घरी देवक बसेल, हळद होईल, कुलदैवताला पहिली पत्रिका जाईल, लग्नानंतर गोंधळ घालू. कन्यादान होणार नसेल तर ते वडिलांनी फोनवर स्वतः सांगावं.

पत्राला उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबून जाऊन यावं, शक्यतो मुलाला न नेता. “हरकत घेता येते म्हणे” असं कुणी म्हणालं तर चिडू नये. हरकत घेता येते, पण आधीचं लग्न, वय, मानसिक असमर्थता किंवा निषिद्ध नातं अशा ठरावीक कारणांसाठीच. नातेवाइकांची नाराजी त्यात येत नाही. मात्र ही माहिती पत्रात लिहिली की ती धमकी वाटते.

पत्राच्या शेवटी एक विनंती घालता येते. या लग्नात विवाह अधिकाऱ्यासमोर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते मित्रच असतात, कारण ते लगेच मिळतात. त्यातली एक जागा काकांसाठी ठेवावी: “साक्षीदार म्हणून एक सही तुमची हवी आहे. ओळखपत्र आणि फोटो बरोबर आणावा. गाडी सकाळी सहाला दारात येईल.”