कुठे वाचलं जाणार ते ठाऊक नसलेलं उत्तर

जुना मोबाइल विकत घेताना तो चोरीचा तर नाही ना, ही शंका प्रत्येकाला येते. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने त्यासाठी सोपी सोय केली आहे. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा 15 अंकी क्रमांक असतो. KYM ही अक्षरं, त्यापुढे एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवला की त्या फोनची माहिती येते. फोन काळ्या यादीत आहे किंवा तोच क्रमांक दुसरीकडे वापरात आहे असं उत्तर आलं, तर तो घेऊ नये.

आता जुने फोन विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा ग्राहक मदत विभाग डोळ्यांसमोर आणा. हाच प्रश्न तिथे रोज येतो, पण वेगवेगळ्या वाटांनी: कुणी संकेतस्थळावरच्या चॅटमधून विचारतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी ईमेलने, कुणी एसएमएसवर. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर मात्र हे सगळे प्रश्न एकाच यादीत, एकाच चौकटीत दिसतात. चॅट अर्धवट सोडून ग्राहक निघून गेला, तर तेच उत्तर ईमेलने किंवा एसएमएसने रवाना होतं. म्हणजे लिहिणाऱ्याला आपला मजकूर कुठे वाचला जाणार हे नेहमी कळतच नाही. अशा वेळी उत्तर कसं लिहायचं, हे सांगणारं अंतर्गत परिपत्रक ज्या विभागांत निघतं, तिथे त्याची गरज अशाच एखाद्या फसलेल्या उत्तरातून पुढे आलेली असते.

समजा, कर्मचाऱ्याने हे टाइप केलं:

```
**आधी क्रमांक शोधा:** ***#06#** डायल करा.
मग KYM <IMEI> हा एसएमएस **14422** वर पाठवा.
```

दोन-दोन स्टार ही मार्कडाउन या लेखनपद्धतीची खूण. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये ती आणली. ती समजणाऱ्या पडद्यावर स्टार नाहीसे होतात आणि मधला मजकूर ठळक होतो. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सगळं नीटनेटकं दिसलं, म्हणून त्याने उत्तर पाठवून दिलं.

एसएमएसवर ठळक अक्षरं नसतातच. तिथे ग्राहकाला `***#06#**` असं दिसतं. यातले नेमके किती स्टार दाबायचे? खरा कोड `*#06#` आहे, पण ते ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच हे उमगेल. व्हॉट्सअ‍ॅपचा नियम आणखी वेगळा आहे. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेकच स्टार दिला की अक्षरं ठळक होतात. त्यामुळे मार्कडाउनच्या सवयीने दिलेल्या दुहेरी खुणा तिथेही गोंधळ घालतात.

संकेतस्थळावरच्या चॅटमध्ये वेगळंच घडू शकतं. तिथे स्टार नीट गायब होतात, पण त्यांच्यासोबत `<IMEI>` हेही जातं. वेबपानांच्या भाषेत अशा टोकदार कंसातला शब्द म्हणजे ब्राउझरला दिलेली सूचना. ती ओळखीची नसेल, तर ब्राउझर काहीच दाखवत नाही. काही चॅट प्रणाली हे कंस आधीच निरुपद्रवी करून ठेवतात, पण सगळ्याच तसं करत नाहीत. ग्राहकाच्या पडद्यावर उरतं ते एवढंच: «मग KYM हा एसएमएस 14422 वर पाठवा.» तो नुसतं KYM पाठवतो आणि उपयोगाचं काहीच हाती लागत नाही. तुटलेलं वाक्य निदान संशय तरी आणतं. हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे, म्हणून त्यातली उणीव लक्षातही येत नाही.

एकच उत्तर एका ठिकाणी आकड्याशी बिघडतं आणि दुसऱ्या ठिकाणी शब्दाशी. म्हणून परिपत्रकाचा मुख्य नियम असा: माध्यम ठाऊक नसेल, तेव्हा सजावटीवर अर्थ अवलंबून ठेवायचा नाही. ठळक अक्षरं, तक्ते आणि टोकदार कंस टाळायचे. «येथे क्लिक करा» या शब्दांमागे दुवा लपवायचा नाही. पत्ता पूर्ण आणि स्वतंत्र ओळीत लिहायचा. पायऱ्यांना हाताने आकडे द्यायचे, कारण काही पडद्यांवर ओळी एकमेकींना चिकटतात. आकडे असले की तेव्हाही क्रम कळतो.

वरचं उत्तर या नियमाने असं होतं:

```
1. फोनवर *#06# डायल करा.
2. दिसलेला 15 अंकी क्रमांक लिहून घ्या.
3. KYM लिहून एक जागा सोडा, पुढे तो क्रमांक लिहा आणि 14422 वर पाठवा.
```

यात स्टार एकच आहे. त्याला जोडीदार नाही, म्हणून मार्कडाउन किंवा व्हॉट्सअ‍ॅप त्याला खूण समजत नाही आणि तो जसाच्या तसा टिकतो.

या उत्तराची लांबीही मोजून ठेवलेली आहे. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. साध्या इंग्रजी मजकुरात त्यांत 160 अक्षरं बसतात, देवनागरीत मात्र साधारणपणे 70. मोठा संदेश तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहितीही जाते, म्हणून देवनागरीला 67 च जागा उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. «क्रमांक» हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण जागा सात घेतो. वरचं उत्तर ओळींच्या मधल्या जागांसह 131 भरतं, म्हणजे दोन तुकड्यांच्या 134 मध्ये बसतं. सुरुवातीला «नमस्कार» आणि एक मोकळी जागा जोडली की 139 होतात. मग तिसरा तुकडा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. इंग्रजी उत्तरातही रुपयाचं ₹ हे एकच चिन्ह आलं, तरी अख्खा संदेश 70 च्या हिशेबात जातो. म्हणून तिथे Rs लिहिणं बरं.

परिपत्रकाचा दुसरा भाग ग्राहकाच्या हातातल्या फोनबद्दल असतो. आयफोनवर आयएमईआय सेटिंग्जमध्ये, जनरल आणि मग अबाउट या वाटेने सापडतो. अँड्रॉइडवर अबाउट फोन हा भाग कंपनीगणिक वेगळ्या जागी असतो, आणि बटणांच्या साध्या फोनवर यातलं काहीच नसतं. `*#06#` मात्र तिन्हींवर चालतो. म्हणून फोन कोणता ते माहीत नसेल, तेव्हा सगळीकडे चालणारा मार्ग आधी सांगायचा. कोणता फोन आहे हा प्रश्न त्यानंतर, शेवटच्या ओळीत विचारायचा. असं केलं तर ग्राहकाचं काम पहिल्याच उत्तरात होण्याची शक्यता राहते.

अंदाज बांधण्याचा मोह इथे धोक्याचा ठरतो. ईमेलच्या तळाशी आयफोनवरून पाठवल्याची ओळ असली, तरी तिच्यावरून पत्र कशावरून आलं एवढंच कळतं. ग्राहक ज्या फोनबद्दल विचारतो आहे, तो त्याने अजून विकत घेतलेलाही नसतो.

साध्या मजकुराला मर्यादाही आहेत. दहा-बारा पायऱ्यांचं उत्तर सजावटीशिवाय वाचायला जड जातं, आणि चित्राने पटकन कळणारी गोष्ट शब्दांत लांबते. म्हणून हा नियम कायमचा नाही. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा लिहिलं, की पुढच्या उत्तरात तिथली एकेरी स्टारची खूण आणि पडद्याचं छायाचित्र दोन्ही वापरता येतं. फोनचं मॉडेल कळलं, की नेमकी सेटिंग सांगता येते. दोन सिमच्या फोनवर `*#06#` दाबल्यावर बहुधा दोन क्रमांक दिसतात. ते दोन्ही वेगवेगळे तपासायचे, ही सूचनाही याच दुसऱ्या उत्तरात जाते.