क्रम बदलला, तर खड्डा किती खोल?

शेअर बाजारातली एखादी ट्रेडिंग सिस्टीम कुणी विकायला किंवा शिकवायला निघालं, की बॅकटेस्टचा कागद आधी पुढे येतो. जुन्या भावांवर ही सिस्टीम चालवली असती तर काय झालं असतं, याचा तो हिशेब. वर ठळक अक्षरांत नफा, त्याखाली जिंकलेल्या सौद्यांची टक्केवारी आणि कुठेतरी तळाशी ‘मॅक्सिमम ड्रॉडाऊन’. भांडवल एका शिखरावर पोचलं आणि पुढचं शिखर गाठण्याआधी जास्तीत जास्त किती घसरलं, तो हा आकडा. माझी नजर आधी त्यावर जाते. चांगली सिस्टीम अर्ध्यात सोडून दिलेली बरीच माणसं पाहिली आहेत, आणि बहुतेकांनी ती अशाच एखाद्या खड्ड्यात असताना सोडली.

या आकड्याची गोम अशी, की तो एकाच इतिहासातून आलेला असतो. सौदे ज्या क्रमाने पडले, त्या एका क्रमाचा तो परिणाम. नफा-तोटा तोच, सौदे तेच, पण आगेमागे झाले असते तर खड्डा किती खोल गेला असता, हे कागद सांगत नाही.

हातानेही करता येईल असं एक उदाहरण घेऊ. समजा, एकाने १ लाख रुपयांवर १० सौदे केले. स्टॉपलॉस लागला की ५ हजार जातात, टार्गेट आलं की १० हजार मिळतात. चार वेळा टार्गेट आलं, सहा वेळा स्टॉपलॉस लागला. ४० हजार आले, ३० हजार गेले, हाती १० हजार उरले. ब्रोकरेज आणि कर तूर्त बाजूला ठेवू. क्रम असा होता : नफा, तोटा, तोटा, नफा, तोटा, नफा, तोटा, तोटा, नफा, तोटा. भांडवल १ लाख १० हजारांवर गेलं, तिथून १ लाखावर आलं, पुढे १ लाख १५ हजारांपर्यंत चढलं, पुन्हा १ लाख ५ हजारांवर उतरलं आणि शेवटी १ लाख १० हजारांवर थांबलं. शिखरापासूनची सर्वांत मोठी घट १० हजारांची, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. सिस्टीम गरीब गाय वाटते.

आता हेच दहा सौदे असे मांडा : दोन नफे, मग ओळीने पाच तोटे, मग नफा, तोटा, नफा. भांडवल आधी १ लाख २० हजारांवर जातं आणि पाच तोट्यांनंतर ९५ हजारांवर येतं. शेवटी पुन्हा १ लाख १० हजारच. पण मध्ये २५ हजारांचा, शिखराच्या जवळजवळ २१ टक्के खड्डा पडला, आणि मूळ १ लाखालाही हात लागला. ही गाय आता मारकी दिसते.

चार नफे आणि सहा तोटे एकूण २१० वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात. ते सगळे मोजले, तर १० हजारांत भागतं असे क्रम फक्त ४५ निघतात. ८६ क्रमांत घट १५ हजारांपर्यंत जाते, ५४ क्रमांत २० हजारांपर्यंत. २० क्रमांत ती २५ हजार होते आणि पाच क्रमांत सहाही तोटे लागोपाठ येऊन ३० हजार. म्हणजे आपल्या माणसाचा इतिहास नशीबवान होता. त्याच्या वाट्याला आलेल्या घटीपेक्षा मोठी घट देणारे क्रम पाचांत जवळपास चार होते. २५ हजार किंवा त्याहून मोठी घट आठांतून साधारण एका क्रमात येते. ‘ड्रॉडाऊन किती?’ या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच अपुरं आहे. खरं उत्तर म्हणजे १० ते ३० हजारांचा पट्टा, आणि त्यात कुठे किती गर्दी आहे याचा अंदाज.

दहा सौद्यांचे सगळे क्रम मोजता आले. दोनशे सौद्यांचे मोजायला विश्वाचं वय पुरणार नाही. म्हणून सगळे क्रम न मोजता काही हजार क्रम यदृच्छेने निवडायचे : पत्ते पिसावेत तशी सौद्यांची यादी पिसायची, घट मोजायची, पुन्हा पिसायची. पत्त्यांची तुलना इथे ओढूनताणून आणलेली नाही. गणिती स्टॅनिस्लाव उलाम १९४६मध्ये आजारातून उठताना एकट्याने पत्त्यांचा डाव लावत बसायचा. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढता काढता तो थकला आणि त्याला वाटलं, शंभर डाव लावून किती सुटतात तेच का मोजू नये? यातून निघालेल्या पद्धतीवर त्याने निकोलस मेट्रोपोलिससोबत १९४९मध्ये निबंध लिहिला. माँटे कार्लोच्या जुगारअड्ड्यावरून पडलेलं नाव तिला आजही चिकटून आहे.

हे घरच्या एक्सेलमध्येही जमतं. एका रकान्यात सौद्यांचे नफे-तोटे भरा. शेजारच्या रकान्यात `=RAND()` लिहा आणि त्या रकान्यानुसार दोन्ही रकाने सॉर्ट करा. यादी पिसली गेली. तिसऱ्या रकान्यात सुरुवातीच्या भांडवलापासून चालती बेरीज, चौथ्यात तोपर्यंतचं शिखर, पाचव्यात शिखर वजा बेरीज. पाचव्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा हा त्या पिसणीचा ड्रॉडाऊन. हेच छोट्या मॅक्रोने १० हजार वेळा करून घ्यायचं आणि आलेले ड्रॉडाऊन लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. मधला, म्हणजे पाच हजारावा आकडा, सर्वसाधारण खड्डा सांगतो. साडेनऊ हजारावा सांगतो, की शंभरातल्या ९५ क्रमांत घट यापुढे गेली नाही. वरच्या उदाहरणात मधला आकडा १५ हजार येतो आणि ९५ टक्क्यांचा २५ हजार.

एक काळजी मात्र आधीच घ्यायची. सुरुवातीला एका लॉटवर केलेले सौदे आणि पुढे चार लॉटवर केलेले सौदे रुपयांत एकत्र पिसले, तर ती भेसळ होते. प्रत्येक सौदा एका लॉटवर किंवा भांडवलाच्या टक्क्यांवर आणूनच यादीत घालावा.

२५ हजारांचा उपयोग काय, तर भांडवल ठरवणं. खात्यात २० टक्क्यांहून जास्त घट आपल्याला सोसणार नाही, असं कुणी मनाशी ठरवलं असेल, तर या सिस्टीमसाठी त्याच्याकडे किमान सव्वा लाख हवेत. इतिहासातल्या १० हजारांवर विसंबून त्याने ५० हजारांत दुकान मांडलं, तर अगदी साध्या वाईट क्रमातही खातं निम्मं होईल. बाकीचं काम त्याची झोप करेल.

आता पद्धतीच्या मर्यादा. पिसल्याने शेवटचा नफा बदलत नाही; बेरीज कोणत्याही क्रमाने तीच येते. सिस्टीम मुळात नफ्याची आहे का, हे पिसून कळत नाही. त्यासाठी ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत वापरतात : यादीतून एक सौदा उचलायचा, नोंदवायचा, परत यादीत टाकायचा आणि पुन्हा उचलायचा. अशा दहा उचलींत तोटे सहाच येतील असं बंधन राहत नाही. आपल्या उदाहरणात सात किंवा जास्त तोटे येण्याची शक्यता ३८ टक्के निघते, आणि सात तोटे आले की नफा संपून ५ हजारांचा घाटा होतो. दहा सौद्यांच्या जोरावर नफ्याच्या गप्पा मारणाऱ्याला एवढं गणित पुरावं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पिसताना आपण गृहीत धरतो, की एका सौद्याचा पुढच्या सौद्याशी संबंध नाही. बाजारात तसं नसतं. तेजी-मंदीच्या लाटेवर स्वार होणारी सिस्टीम, बाजार महिनोन्‌महिने एका पट्ट्यात घुटमळला की एकामागून एक स्टॉपलॉस खाते. तोटे गठ्ठ्याने येतात. पिसणी हे गठ्ठे फोडून तोटे सगळीकडे विखुरते आणि खड्डा आहे त्यापेक्षा उथळ दाखवते. हे ओळखायची खूण सोपी आहे : प्रत्यक्ष इतिहासातला ड्रॉडाऊन पिसलेल्यांच्या रांगेत कुठे बसतो ते पाहा. तो ९५ टक्क्यांच्या आकड्यालाही मागे टाकत असेल, तर तोटे गठ्ठ्याने येत असल्याचा दाट संशय घ्यावा. मग एकेक सौदा न पिसता सलग वीस सौद्यांचे किंवा एकेका महिन्याचे गठ्ठे करून ते पिसावेत, म्हणजे गठ्ठ्याच्या आतला क्रम टिकतो. निफ्टी आणि बँक निफ्टी दोन्हींत एकाच दिवशी पोझिशन असेल, तर ते दोन सौदे वेगळे न धरता दिवसाचा एकत्रित निकाल पिसावा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ला, निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळला तेव्हा तेजीवाल्यांचे दोन्हीकडचे सौदे एकदमच बुडाले होते.

शिवाय सौद्यांची यादी बंद झालेले सौदेच पाहते. एखादा सौदा नफ्यात बंद झाला, पण मध्ये ४० हजार उणे होता, हे तिला ठाऊक नसतं. ब्रोकरचा मार्जिनसाठी फोन येतो तो मात्र त्या मधल्या घडीलाच. रोजच्या एमटीएमचे आकडे असतील तर तेच पिसावेत.

सर्वांत मोठा धोका ऑप्शन विकणाऱ्यांना आहे. त्यांची यादी दर आठवड्याच्या छोट्या नफ्यांनी भरलेली असते, मधूनच एखादा किरकोळ तोटा. अशी यादी लाख वेळा पिसली तरी ड्रॉडाऊन नगण्यच येणार, कारण जो तोटा यादीत नाही तो पिसून निर्माण होत नाही. २३ मार्च २०२०ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. तुमची यादी त्यानंतर सुरू होत असेल, तर त्या दिवशी तुमच्या पोझिशनचं काय झालं असतं ते वेगळं काढा, तो तोटा हाताने यादीत घाला आणि मगच पिसायला घ्या. त्यानंतर येणाऱ्या ९५ टक्क्यांच्या आकड्याला तुमचं खातं पुरत नसेल, तर लॉट कमी करा.