जनगणनेचे आकडे: तक्ता आणि त्याखालचा परिच्छेद

भारताच्या 2011 च्या जनगणनेचा ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’ गावापासून राज्यापर्यंतचे आकडे एकाच फाइलमध्ये देतो. महाराष्ट्रातील कुटुंबाचा आकार आणि साक्षरता यांचा तक्ता करायचा, तर No_HH (कुटुंबे), TOT_P (लोकसंख्या), P_06 (सहा वर्षांपर्यंतची मुले) आणि P_LIT (साक्षर) एवढे रकाने पुरतात. मात्र राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या ओळी एकाखाली एक येतात, शिवाय एकूण, ग्रामीण आणि शहरी असे वेगळे भाग असतात. सरसकट बेरीज केली की तीच माणसे अनेकदा मोजली जातात. म्हणून आधी एकच स्तर निवडावा आणि जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या ओळीशी जुळते का ते पाहावे.

खरी चूक होते ती छेदात. जनगणनेत साक्षरता सात वर्षांवरील लोकांतच मोजतात:

```
P_LIT / (TOT_P - P_06) * 100
```

राज्याची लोकसंख्या 11,23,74,333, लहान मुले 1,33,26,517 आणि साक्षर 8,15,54,290. सूत्राने दर 82.3 टक्के येतो. मुले वगळायची राहिली, तर तो 72.6 वर घसरतो. P_ILL हा निरक्षरांचा रकानाही असाच फसवा आहे, कारण त्यात ही सगळी मुले धरलेली असतात.

| 2011, महाराष्ट्र | सात वर्षांवरील (लाख) | साक्षर (लाख) | दर (%) |
|---|---|---|---|
| पुरुष | 512.1 | 452.6 | 88.4 |
| स्त्रिया | 478.4 | 363.0 | 75.9 |
| एकूण | 990.5 | 815.5 | 82.3 |

कुटुंबाचा सरासरी आकार म्हणजे लोकसंख्या भागिले कुटुंबे. सुमारे 2 कोटी 44 लाख कुटुंबांवर तो 4.6 येतो. जिल्ह्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नये, कारण तसे केल्यास गडचिरोलीला ठाण्याइतकेच वजन मिळते. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. वसतिगृहे आणि तुरुंगही संस्थात्मक कुटुंबे म्हणून या मोजणीत येतात. त्यामुळे मोठी आश्रमशाळा असलेल्या एखाद्या लहान गावाचा आकडा विचित्र फुगलेला दिसला, तर त्याचे कारण तिथे शोधावे.

निष्कर्षाचा परिच्छेद तक्ता पुन्हा वाचून दाखवत नाही. तो असा लिहिता येतो: ‘2011 मध्ये महाराष्ट्रात कुटुंबाचा सरासरी आकार 4.6 व्यक्ती होता. सात वर्षांवरील लोकांपैकी 82.3 टक्के साक्षर होते. पुरुषांचा दर 88.4, तर स्त्रियांचा 75.9 टक्के असून दोहोंत 12.5 टक्केबिंदूंचे अंतर होते.’ शेवटच्या वाक्यात ‘12.5 टक्क्यांनी कमी’ लिहिणे चूक ठरेल. पुरुषांच्या दराच्या तुलनेत स्त्रियांचा दर सुमारे 14 टक्क्यांनी कमी आहे.

‘मोठ्या कुटुंबांत साक्षरता कमी असते’ हे वाक्य मात्र या तक्त्यावरून लिहिता येत नाही. जिल्हावार आकड्यांत तसा कल दिसला, तरी तो जिल्ह्यांबद्दलच बोलतो. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाची माणसे आणि त्यांतील साक्षर एकत्र नोंदलेली माहिती लागते, आणि गोषवाऱ्यात ती नसते.