साखरपुड्याच्या चार ओळी

मैत्रिणीने साखरपुड्याचा फोटो टाकला की खाली ‘हार्दिक अभिनंदन’, ‘नांदा सौख्यभरे’, ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ अशी रांग लागते. या शुभेच्छा मनापासूनच्या असतात, पण त्या कुणालाही चालतात. तुमच्या ओळींत दुसऱ्या कुणाचं नाव घालून वाचा. तरीही काही बिघडत नसेल, तर त्या अजून तिच्यासाठी झालेल्या नाहीत.

समजा, मैत्रीण वसतिगृहापासूनची आहे. तिला असं लिहिता येईल:

‘अगं, शेवटची मुलगी परत आल्याशिवाय तू व्हरांड्यातला दिवा मालवायची नाहीस. गेल्या पावसाळ्यात आपली गाडी रात्री दीडला पोचली, तेव्हा तो चहाचा थर्मास घेऊन फलाटावर उभा होता. सगळ्यांची वाट बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीचीही कुणीतरी वाट बघतंय, हे पाहून फार बरं वाटलं होतं. रविवारी दोघं जेवायला या, पुरणपोळी करते.’

यात ‘प्रेमळ’, ‘काळजीवाहू’ असं एकही विशेषण नाही. तिचा स्वभाव दिव्यातून कळतो आणि त्याचा थर्मासमधून. तिसरी ओळ या दोन प्रसंगांना जोडते, म्हणून आनंद नेमका कशाचा ते स्पष्ट होतं. शेवटी नुसती सदिच्छा नाही, तर दिवस ठरवून दिलेलं आमंत्रण आहे. ‘कधीतरी भेटू’ यापेक्षा ‘रविवारी या’ यात जास्त जिव्हाळा असतो.

जोडीदाराला तुम्ही भेटलाच नसाल, तर ‘किती शोभून दिसता’ असं ओढूनताणून लिहू नका. मैत्रिणीत दिसलेला बदल तुम्हाला ठाऊक असतो, तोच लिहा: ‘हल्ली त्याचं नाव निघालं की तू बोलता बोलता थांबतेस आणि हसतेस.’ हे खरं असतं आणि तिलाही ते पटतं.

आठवण निवडताना मात्र जपावं लागतं. या ओळी तिची आजी वाचणार, होणाऱ्या सासूबाईही वाचणार. दोघांची ओळख कुठे झाली हे तिने घरी सांगितलं नसेल, तर ते तुमच्याकडून फुटू नये. जुन्या प्रेमाचा उल्लेख, ‘आता संपलं स्वातंत्र्य’ छापाची थट्टा आणि ‘लग्न कधी?’ हा प्रश्न, तिन्ही टाळा. लग्नाची तारीख ठरवताना दोन्ही घरांत काय चाललंय, हे बाहेरून कळत नाही. आठवण सांगता सांगता ‘मी, मी’ वाढू लागलं, तर अर्धा मजकूर खोडा. त्या दिवशी गोष्ट तिची आहे.

लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा. समोर बसून तिच्याशी बोलताना जे वाक्य तोंडी येणार नाही, ते काढून टाका. आणि बरीच वर्षं भेट नसल्याने काही आठवतच नसेल, तर मनापासून एक प्रश्न विचारा: ‘ही बातमी सगळ्यात आधी कुणाला सांगितलीस?’ अशा प्रश्नाला उत्तर येतं आणि थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू होतं.